अठरा पूर्ण झाल्यावर मुलांची उंची वाढते का? ग्रोथ प्लेट उघडी आहे हे डॉक्टर कसं ठरवतात?

प्रश्न: डॉक्टर, मी १८ वर्षं ४ महिन्यांचा आहे. उंची १६५ सेंमी. बाबा १७०, आई १५६. वर्षभरापूर्वी मी १६४.४ होतो. सोळाव्या वर्षापासून दाढी करतोय. मनगटाचा एक्स-रे काढला, त्यात लिहिलंय की रेडियसची ग्रोथ प्लेट 'अंशतः उघडी' आहे. कुणी सांगतं मुलगे २१ पर्यंत वाढतात, कुणी म्हणतं अठराला संपलं. प्लेट उघडी आहे म्हणजे मी अजून वाढेन ना? आणि डॉक्टर हे नक्की कसं ठरवतात?

उत्तर:

तुझ्या वाढीतला बहुतेक सगळा भाग होऊन गेला आहे. राहिलेली वाढ फार तर एक सेंटीमीटरच्या आसपास असेल. आधी हे सांगून टाकतो, कारण तू बहुधा याच वाक्याची वाट पाहत पुढचं वाचशील. आता हे मी कशावरून म्हणतो, ते नीट सांगतो. तुझ्या रिपोर्टमधले 'अंशतः उघडी' हे दोन शब्द मी रोज कुणा ना कुणाच्या हातात पाहतो आणि त्यांचा जो अर्थ घरी लावला जातो तो जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो.

अठरा हे वय हाडांना ठाऊक नसतं. वाढ थांबते ती शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे, आणि ते घड्याळ प्रत्येकाचं वेगळ्या वेळी सुरू झालेलं असतं. माझ्यासमोर अठरा वर्षांचे दोन मुलगे एकाच दिवशी बसलेले असतात. एकाची वाढ वर्षभरापूर्वीच संपलेली असते, दुसऱ्याची अजून पाच सेंटीमीटर बाकी असते. चेहऱ्यावरून थोडा अंदाज येतो, पण खात्री करायला हात आणि हातातली हाडं पाहावी लागतात.

लांब हाडाच्या टोकाशी, टोक आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चेचा एक पातळ थर असतो. यालाच आपण ग्रोथ प्लेट किंवा वाढीची पट्टी म्हणतो. त्या थरातल्या पेशी ओळीने रचलेल्या असतात. वरच्या पेशी विभागतात, खालच्या फुगतात, आणि सगळ्यात खालच्या पेशींची जागा हाड घेत जातं. हाड लांब होतं ते एवढ्याच जागेतून. या पेशींची विभागण्याची क्षमता मोजकी असते. ती संपत आली की थर पातळ होतो, मधून हाडाचे पूल तयार होतात आणि शेवटी टोक दांड्याशी एकजीव होतं. याला आम्ही प्लेट मिटणं म्हणतो. एकदा मिटलेली प्लेट पुन्हा उघडत नाही. कुठल्याही औषधाने, व्यायामाने, इंजेक्शनने नाही.

प्लेट मिटवतं कोण, हा भाग मला स्वतःला फार आवडतो, कारण उत्तर अपेक्षेच्या उलट आहे. मुलांमध्येही हे काम मुख्यतः इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन, करतं. टेस्टोस्टेरॉन शरीरात काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. हे काम अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम करतं, आणि त्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली प्लेटमधल्या पेशी लवकर थकतात. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाचं प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा संदेश घेणारा ग्राहक जन्मतःच सदोष होता. दाढी-मिशा, आवाज, सगळं पुरुषाचं. टेस्टोस्टेरॉनही ठीक. पण हाडांचं वय पंधरा वर्षांच्या मुलाइतकं, प्लेट्स उघड्या, उंची २०४ सेंमी आणि वाढ अजून चालूच. त्यानंतर अ‍ॅरोमाटेजच नसलेले पुरुषही आढळले. त्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर प्लेट्स मिटल्या. म्हणून 'टेस्टोस्टेरॉन घेतलं की उंची वाढेल' हा समज धोक्याचा आहे. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेन होतो आणि प्लेट आणखी लवकर मिटते. व्यायामशाळेत कुणीतरी सुचवलेल्या स्टेरॉइडमुळे उरलेली वाढही गमावलेले मुलगे मी पाहिले आहेत.

म्हणजे प्लेट केव्हा मिटेल हे तुझ्या वयात येण्याच्या काळावर ठरतं. मुलांमध्ये वाढीचा सर्वांत जोराचा काळ सरासरी साडेतेरा-चौदाव्या वर्षी येतो. त्या वर्षी काही जण नऊ-दहा सेंटीमीटर वाढतात. तिथून वेग उतरणीला लागतो आणि साधारण तीन-चार वर्षांत जवळजवळ थांबतो. ज्याचा हा जोर तेराव्या वर्षी आला तो सतराला संपलेला असतो. ज्याचा सोळाव्या-सतराव्या वर्षी आला, त्याच्यासाठी अठरा हा वाढीच्या मधला टप्पा असतो. 'मुलगे एकवीसपर्यंत वाढतात' हे म्हणणारे बहुधा अशाच उशिरा वयात आलेल्या कुणाला ओळखत असतात. घराघरात एखादे काका असतातच, जे कॉलेजात गेल्यावर अचानक वाढले. त्यांची गोष्ट खरी असते, पण ती सगळ्यांना लागू पडत नाही.

आता डॉक्टर कसं ठरवतात ते. पहिलं काम एक्स-रे नाही. पहिलं काम म्हणजे जुन्या उंचीच्या नोंदी. शाळेच्या आरोग्यतपासणीत लिहिलेल्या असोत किंवा दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलने केलेल्या खुणा असोत, मी त्या आवर्जून मागतो. गेल्या दोन-तीन वर्षांत दरवर्षी किती वाढला, हे समजलं तर अर्धं उत्तर मिळतं. वर्षाला सहा सेंटीमीटर चालू असेल तर प्लेट उघडी आहे हे एक्स-रेआधीच कळतं. वर्षाला एक सेंटीमीटरच्या आत आली की वाढ संपत आली असं आम्ही मानतो. तुझी एका वर्षात ०.६ सेंमी झाली आहे. आणि हा आकडाही जपून वापरायला हवा. माणूस सकाळी उठल्यावर सर्वांत उंच असतो. दिवसभर उभं-बसलं की मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दाबाने कमी होतं आणि संध्याकाळपर्यंत एक सेंटीमीटर, कधी त्याहून थोडं जास्त, उंची कमी भरते. गेल्या वर्षी तू संध्याकाळी आणि यंदा सकाळी मोजली असशील, तर ही ०.६ सेंमीची वाढ मुळात झालीच नसेल. म्हणून मोजायची तर दोन्ही वेळा सकाळी, अनवाणी, टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला लागलेली, नजर समोर, आणि डोक्यावर काटकोनात टेकवलेली सपाट फळी. घरच्या भिंतीवर पुस्तक ठेवून मोजलं तरी चालेल, पण एकाच माणसाने, एकाच जागी, तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. आणि दोन मोजण्यांमध्ये किमान सहा महिने, शक्यतो वर्ष. दर आठवड्याला मोजणारे मुलगे केवळ चकत्यांचं पाणी मोजत असतात.

दुसरं काम म्हणजे वयात येण्याचा टप्पा पाहणं. इथे मुलं लाजतात, पण याला पर्याय नाही. अंडकोषाचा आकार मोजायला आमच्याकडे दोऱ्यात ओवलेल्या लंबगोल मण्यांची एक माळ असते, एक मिलिलिटरपासून पंचवीस मिलिलिटरपर्यंत. हाताने तुलना करून आकार ठरतो. चार मिलिलिटर म्हणजे वयात यायला सुरुवात झाली. पंधरा ते पंचवीसमध्ये पोचला की प्रौढ. आवाज कधी फुटला, मिसरूड कधी आलं, दाढी किती दिवसांनी करावी लागते, हे सगळं त्याच चित्राचा भाग. तू सोळाव्या वर्षापासून दाढी करतोस. याचा अर्थ तुझ्या हाडांना इस्ट्रोजेनचा संदेश निदान काही वर्षं पुरेसा मिळतो आहे.

मग येतो एक्स-रे. तो बहुतेक ठिकाणी डाव्या हाताचा, बोटांच्या टोकापासून मनगटापर्यंत काढतात. डावाच का, तर बहुतेक लोक उजवा वापरतात आणि डाव्याला दुखापत किंवा झीज कमी असते. शिवाय तुलनेचे सगळे संग्रह डाव्या हाताचेच आहेत. हातच का, तर एका छोट्या चित्रात वीस-पंचवीस हाडं दिसतात आणि किरणांची मात्रा अगदी नगण्य लागते. ग्रूलिक आणि पाइल यांचा १९५९ सालचा चित्रसंग्रह आजही सर्वाधिक वापरात आहे. त्यातली चित्रं १९३१ ते १९४२ दरम्यान अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधल्या मुलामुलींची आहेत. रेडिऑलॉजिस्ट तुझा एक्स-रे त्यातल्या प्रत्येक चित्राशी ताडून पाहतात आणि ज्याच्याशी सर्वांत जास्त जुळेल ते तुझं हाडांचं वय. एक इशारा इथेच देतो. दोन अनुभवी डोळे एकाच एक्स-रेला अर्ध्या वर्षाच्या फरकाने वाचू शकतात, आणि निरोगी मुलांमध्येही हाडांचं वय जन्मवयापेक्षा एक-दीड वर्ष मागे-पुढे सहज असतं. ही अचूक मोजपट्टी नव्हे.

हात वाचताना मी काय शोधतो? उघडी प्लेट एक्स-रेत काळी दिसते, कारण कूर्चेतून किरण आरपार जातात. हाडाच्या टोकाशी एक स्वतंत्र तुकडा आणि मध्ये काळी पट्टी, अशी ती दिसते. मिटू लागली की पट्टी आधी बहुधा मध्यातून पांढरी होत जाते आणि कडांना काळं राहतं. पूर्ण मिटली की काळं नाहीसं होतं. कधी त्या जागी एक बारीक पांढरी रेघ उरते, जणू जखमेचा व्रण. ही रेघ वर्षानुवर्षं दिसू शकते. तिला पाहून 'अजून प्लेट दिसते' म्हणणं ही मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक आहे. काळी रेघ म्हणजे उरलेली कूर्चा. पांढरी रेघ म्हणजे होऊन गेलेल्या वाढीची खूण. एक्स-रे स्वतः बघणार असशील तर एवढाच फरक लक्षात ठेव.

हातात मिटण्याचा एक क्रम असतो आणि तो फार उपयोगी पडतो. आधी बोटांच्या टोकांची पेरं, मग तळहाताची हाडं आणि बोटांची मुळाजवळची पेरं, त्यानंतर मधली पेरं. सगळ्यात शेवटी मनगटाची दोन हाडं, अल्ना आणि रेडियस. रेडियस हे अंगठ्याच्या बाजूचं, सगळ्यात उशिरा मिटणारं. मुलांमध्ये ते साधारण सतरा ते एकोणीस या हाडांच्या वयात पूर्ण होतं. म्हणून रेडियस उघडी आहे या एका वाक्यावरून काहीच कळत नाही. कळतं ते बाकीच्या हाडांवरून. बोटांच्या टोकांची पेरं उघडी असतील तर खूप काही बाकी आहे. बोटं आणि तळहात पूर्ण मिटले आहेत आणि फक्त रेडियसच्या कडेला काळा धागा उरला आहे, तर जवळजवळ काहीच बाकी नाही. दोन्ही रिपोर्टमध्ये मात्र 'रेडियसची प्लेट उघडी' हेच लिहिलेलं असू शकतं.

आता दोन मुलगे शेजारी ठेवून दाखवतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिला १८ वर्षं २ महिन्यांचा, उंची १६१.५. त्याच्या आवाजाला कंप साडेसोळा वर्षांचा असताना सुरू झाला होता. चेहरा अजून गुळगुळीत, अंडकोष १२ मिलिलिटर. शाळेच्या नोंदीनुसार गेल्या वर्षात तो सहा सेंटीमीटर वाढला होता. वडील १७२, आई १५७. आईवडिलांच्या उंचीवरून मुलाचा अंदाज काढायचा साधा हिशोब असा: दोघांच्या उंचीची बेरीज, त्यात १३ मिळवायचे, आणि निम्मे करायचे. १७२ अधिक १५७ म्हणजे ३२९, त्यात १३ मिळवले की ३४२, निम्मे १७१. त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ सेंटीमीटरची सूट धरायची. म्हणजे १६२.५ ते १७९.५. तो खालच्या टोकाच्याही किंचित खाली होता, पण वाढ जोरात चालू होती. वडिलांनी सांगितलं की तेही शाळेत सर्वांत बुटके होते आणि शाळा सुटल्यावर वाढले. हे ऐकलं की मी निम्मा निश्चिंत होतो. आनुवंशिक उशीर असतो तो असाच दिसतो.

एक्स-रेत टोकाच्या पेरांची प्लेट नुकतीच मिटू लागली होती. तळहाताची हाडं, बाकीची पेरं, मनगट, सगळीकडे काळी पट्टी स्पष्ट. हाडांचं वय १५. बेली आणि पिनो यांनी १९५२ मध्ये तयार केलेले तक्ते यासाठी वापरतात. हाडांचं वय १४ असलेल्या मुलाने प्रौढ उंचीचा सुमारे ९३ टक्के भाग गाठलेला असतो, १५ असलेल्याने सुमारे ९७, १६ असलेल्याने ९८, १७ असलेल्याने ९९ टक्के. १६१.५ हे ९७ टक्के धरले तर पूर्ण उंची १६६.५ च्या जवळ. मी त्याला 'पाच सेंटीमीटर, दोन इकडे-तिकडे' असं सांगितलं. औषध काही दिलं नाही. त्याच्या शरीराने काम सुरू केलेलं होतं, फक्त उशिरा. साडेवीसला तो १६७.५ वर स्थिरावला. आईवडिलांच्या मधल्या अंदाजाच्या तो थोडा खालीच राहिला, आणि हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. उशीर झाला म्हणून शेवटी जास्त वाढ मिळतेच असं नाही.

दुसरा १८ वर्षं १ महिन्याचा, उंची १६४. दोन वर्षांपासून नियमित दाढी, अंडकोष २० मिलिलिटर, गेल्या वर्षात वाढ अर्धा सेंटीमीटर. एका ठिकाणी त्याला सांगितलं गेलं होतं की 'मनगटाची प्लेट अजून उघडी आहे, ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुरू करू'. तीन महिने झाले होते. घरच्यांनी मोठी रक्कम उभी केली होती. मी जुना एक्स-रे उजेडात धरला. बोटं, तळहात सगळे एकजीव. अल्ना मिटलेली. रेडियसच्या बाहेरच्या कडेला फक्त एक बारीक काळा धागा. हाडांचं वय साडेसतराच्या पुढे. पूर्ण उंचीचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग झालेला. ०.९९४ ने भागलं तर १६५. म्हणजे एक सेंटीमीटर, तोही मुख्यतः पाठीच्या कण्यातून, आणि तो इंजेक्शनशिवायही येणारच होता. त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे बघून ते सांगणं मला जड गेलं, पण तेव्हा सांगितलं नसतं तर पुढचे सहा महिनेही इंजेक्शनं चालू राहिली असती. ग्रोथ हार्मोनने मिटलेल्या प्लेटमधून हाड लांब होत नाही. दीर्घकाळ जास्त मात्रा गेली तर जबडा, हाताची बोटं, पावलं जाड होतात, सांधे दुखतात, रक्तातली साखर वाढते. उघडी प्लेट असणाऱ्या आणि खरोखर हार्मोनची कमतरता सिद्ध झालेल्या मुलाला हेच औषध फार चांगलं काम देतं. पण त्यासाठी रक्ताच्या ठरलेल्या उत्तेजक चाचण्या लागतात. एका एक्स-रेवरून ते ठरत नाही.

रेडियसमध्ये धागा उरला असताना वाढ एवढी कमी का, हा प्रश्न इथे स्वाभाविक आहे. उंचीची खरी कमाई गुडघ्याच्या आसपास होते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक मिळून पायाच्या लांबीतली दोन-तृतीयांशाच्या आसपास वाढ देतात. या प्लेट्स मुलांमध्ये साधारण सोळा ते अठरा या काळात मिटतात, म्हणजे बहुधा मनगटाच्या आधी. मनगट शेवटी राहतं, पण तोवर पायांचं काम संपलेलं असतं. शंका असेल तर मी गुडघ्याचा एक्स-रेही मागतो. कधीकधी एमआरआय, त्यात किरणं लागत नाहीत आणि उरलेली कूर्चा जास्त स्पष्ट दिसते. पण अठरा वर्षांच्या निरोगी मुलाला त्याची गरज क्वचितच पडते.

याच्या उलटही एक गोंधळ होतो. काही जण छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन घेऊन येतात आणि विचारतात, गळ्याजवळच्या हाडाचं टोक अजून मिटलेलं नाही असं लिहिलंय, मग? कॉलरबोनचं छातीकडचं टोक हे शरीरात सर्वांत उशिरा मिटणाऱ्यांपैकी आहे, पुष्कळांमध्ये ते विशी उलटल्यावर पूर्ण होतं. पण ते हाड आडवं आहे. त्याची वाढ उंचीत येत नाही, खांद्यात येते. विशीनंतर छाती भरलेली आणि खांदे रुंद होताना दिसतात त्यात काही भाग हाच, बाकी स्नायूंचा. 'मुलगे पंचविसापर्यंत वाढतात' या समजुतीचं मूळ मला इथे दिसतं. ती वाढ खरी असते, फक्त ती उंचीची नसते.

कण्याची गोष्ट थोडी वेगळी. मणक्यांच्या कडांवरच्या कूर्चेतून थोडी वाढ हातापायाच्या हाडांनंतरही चालू राहू शकते. त्यामुळे रेडियस मिटूनही काही मुलांमध्ये वर्षभरात काही मिलिमीटर दिसतात. ते मोजायला वर नमूद केलेली सकाळची मोजणीच हवी, नाहीतर चुकीच्या वेळेचा फरकच वाढ म्हणून लिहिला जातो.

कोणी मात्र अठराव्या वर्षी नुसती वाट पाहत थांबू नये? ज्याची अजून वयात यायला सुरुवातच झाली नाही. चौदाव्या वर्षापर्यंत अंडकोष वाढायला लागले नाहीत तर उशीर समजायचा, आणि अठराला अजूनही काही नाही म्हणजे तो केवळ आनुवंशिक उशीर असण्याची शक्यता फार कमी. अशा मुलाला मी वासाबद्दल विचारतो. जन्मापासून वासच येत नसेल तर मेंदूतून वयात येण्याचा संदेश देणारी व्यवस्था जन्मतःच अपुरी असू शकते. टेस्टोस्टेरॉन, हा संदेश वाहून नेणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स, आणि थायरॉइड तपासावे लागतात, कधी गुणसूत्रंही. अशा मुलात प्लेट वयाच्या विशीतही उघडी असू शकते आणि वेळेवर उपचार मिळाला तर हाडांच्या मजबुतीसाठीही फायदा होतो. म्हणून 'आमच्या घरात सगळेच उशिरा वाढतात' म्हणत थांबणं इथे नुकसानीचं ठरतं. हे तुझं चित्र नाही. तुझी दाढी सुरू होऊन दोन वर्षं झाली.

तुझ्याबद्दल पुन्हा. १७० अधिक १५६ अधिक १३ म्हणजे ३३९, निम्मे १६९.५. मर्यादा १६१ ते १७८. तुझे १६५ त्या मर्यादेच्या आत आहेत. शोधायला हवा असा रोग मला यात दिसत नाही. रिपोर्टमध्ये रेडियसशिवाय बोटं आणि तळहाताविषयी काय लिहिलं आहे ते पाहा. लिहिलं नसेल तर ज्यांनी एक्स-रे वाचला त्यांना हाडांचं वय वर्षांत लिहून द्यायला सांग, कारण 'अंशतः उघडी' या शब्दांत आकडा नाही आणि आकड्याशिवाय हिशोब होत नाही. बोटं आणि तळहात मिटलेले असतील, आणि तुझ्या दाढीवरून व वर्षाच्या वाढीवरून ते मिटलेलेच असावेत, तर तू १६५.५ ते १६६ च्या आसपास थांबशील. सकाळी उठल्यावर उंची मोजून तारीख लिहून ठेव, आणि सहा महिन्यांनी त्याच वेळी पुन्हा मोज. तोवर कुणी इंजेक्शन सुचवलं तर हाडांचं वय किती आहे आणि ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेची कुठली चाचणी झाली आहे, हे दोन प्रश्न विचार. दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर सही करू नकोस.